तरंगणारं भस्म, न तरंगणारा आकडा

[दृश्य: पेल्यात पाणी, वर चिमूटभर भस्म]

भस्म तरंगलं की ते वारितर. बोटांच्या रेषांत जाऊन बसलं की रेखापूर्ण. रसशाळेतल्या या जुन्या कसोट्या पूड किती बारीक झाली ते सांगतात, आणि चांगलं सांगतात. पण या पेल्यात नागभस्म आहे. नाग म्हणजे शिसं. शोधन झालं, खल झाला, पुटं दिली, म्हणजे बंद भांड्यात पुन्हा पुन्हा भाजलं. धातूचं रूप पालटलं, पण शिसं गेलं कुठे? ते डबीतच आहे.

[दृश्य: वजनकाट्यावर पुडी]

एक मात्रा १२५ मिलिग्रॅम धरू. समजा त्यात निम्मं शिसं आहे, म्हणजे सुमारे ६० मिलिग्रॅम. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीच्या रोजच्या आहारातल्या शिशासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची संदर्भ पातळी आहे ८.८ मायक्रोग्रॅम. ही पुडी त्याच्या जवळपास सात हजार पट भरते. सगळं शिसं रक्तात उतरतं असं नाही, ते संयुगावर अवलंबून असतं. पण किती उतरतं हे पेल्यातलं पाणी सांगत नाही, आणि औषध तपासणाऱ्यांची काळजी नेमकी तिथेच आहे.

न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ साली सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात दर डेसिलिटरला १६ ते ६४ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं. सगळ्यांनी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेतली होती. तपासलेल्या औषधांपैकी एकात २.४ टक्क्यांपर्यंत शिसं होतं. शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं.

[दृश्य: लेबलवर बोट, बॅच क्रमांक]

मग अहवाल कसा मागायचा? लेबलवरच्या पत्त्यावर एवढंच लिहा: ‘बॅच क्रमांक अमुक, या बॅचचा शिसं, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियमचा अहवाल आकड्यांसह पाठवा. कोणत्या पद्धतीने, कोणत्या प्रयोगशाळेत, कधी तपासलं तेही कळवा.’

उत्तरात आकडा न देता नुसतं ‘अनुरूप’, म्हणजे मर्यादेत बसतं, एवढंच आलं तर पुन्हा विचारा. ‘आढळलं नाही’ असेल, तर यंत्र कितीपर्यंत पकडू शकत होतं ते विचारा. अहवालातला बॅच क्रमांक तुमच्या डबीवरचाच आहे ना, तेवढं पाहा. नमुना अहवाल सगळ्यांनाच पाठवणारे असतात.

एक गफलत नेहमी होते. किलोमागे १० मिलिग्रॅम शिसं ही मर्यादा निव्वळ वनस्पतिजन्य औषधांची. नागभस्म तिच्यात बसूच शकत नाही, कारण शिसं त्यात मुद्दाम आहे. तिथे विचारायचं ते टक्केवारीत: एका मात्रेत शिसं किती?

[दृश्य: कागदाची बिनलेबलाची पुडी]

आणि ही पुडी? हिच्यावर बॅच नाही, त्यामुळे अहवाल मागायचा कुणाकडे? असं औषध घेत असाल, विशेषतः गरोदर असाल, तर डॉक्टरांना पुडी दाखवा आणि शिरेतून रक्त घेऊन शिशाची पातळी तपासून घ्या.