सोमवारी सकाळी नऊ वाजता

पडद्यावर एक साधं वाक्य आहे: 'सोमवारी सकाळी नऊ वाजता भेटू.' आता हेच इंग्रजीत म्हणायचं. नऊला 'अ‍ॅट' लागतो, सकाळला 'इन', हे शाळेपासून पाठ असतं. तरी 'इन मंडे मॉर्निंग' म्हटलं की चुकतं. का?

त्यासाठी आधी जागेकडे वळू, कारण 'अ‍ॅट', 'इन' आणि 'ऑन' हे तिन्ही शब्द मुळात जागेचे आहेत. 'अ‍ॅट' म्हणजे बिंदू, नकाशावर टोचलेली टाचणी. 'इन' म्हणजे चहूबाजूंनी वेढणारी जागा. आणि 'ऑन' म्हणजे पृष्ठभागाला झालेला स्पर्श. छताला चिकटलेली पाल छताच्या खालच्या बाजूला असते, तरी ती 'ऑन द सीलिंग'च. म्हणून 'ऑन'चा अर्थ नुसता 'वर' असा पाठ करू नका. स्टेशन तर एकच, पण भेटायचं ठिकाण म्हणून सांगितलं की 'अ‍ॅट द स्टेशन', आणि पाऊस आला म्हणून इमारतीच्या आत थांबलो की 'इन द स्टेशन'. वस्तू तीच असते, बोलणारा तिच्याकडे कसा पाहतो ते बदलतं.

वेळेलाही इंग्रजी असंच पाहते. घड्याळातले नऊ हा बिंदू, म्हणून 'अ‍ॅट नाइन'. महिना आणि वर्ष ऐसपैस, आपण त्यांच्या आत असतो: 'इन मे', 'इन 1998'. सकाळही काही तासांची, म्हणून 'इन द मॉर्निंग'. दिवसाला मात्र 'ऑन'. कॅलेंडरवरचा एक चौकोन आणि त्यावर ठेवलेलं काम, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. हा इतिहास नव्हे, लक्षात ठेवायची सोय आहे.

आता आपलं वाक्य. सकाळ नुसती असेल तर 'इन'. पण ती सोमवारची आहे असं कळलं, की दिवसाचा शब्द जिंकतो: 'ऑन मंडे मॉर्निंग'. 'पाच मेची सकाळ' म्हटलं तरी 'ऑन'च. स्वतःला एवढंच विचारा, कोणत्या दिवसाची सकाळ? उत्तर त्याच शब्दसमूहात असेल तर 'ऑन'. पूर्ण वाक्य झालं: 'लेट्स मीट अ‍ॅट नाइन ऑन मंडे मॉर्निंग.'

रात्र या चौकटीत बसत नाही. रात्र काही तासांची असूनही 'अ‍ॅट नाइट' म्हणतात, आणि झोपेतून मध्येच जाग आली तर 'इन द नाइट'. हे कानांनीच शिकावं लागतं.

आपली अडचण खरी तर मराठीत आहे. सोमवारी, सकाळी, रात्री, तिन्हींना आपण एकच 'ई' लावतो. इंग्रजी तिथे तीन वाटा करते. आणि 'पुढच्या सोमवारी' म्हणताना आपला 'ई' जागेवरच राहतो, म्हणून तोंडातून 'ऑन नेक्स्ट मंडे' निघतं. 'नेक्स्ट', 'लास्ट', 'धिस', 'एव्हरी' आले की इंग्रजी यातला एकही शब्द लावत नाही. नुसतं 'नेक्स्ट मंडे'.