गँट चार्ट वाचायचा कसा आणि एक्सेलमध्ये बनवायचा कसा: कॉलेज फेस्टचं उदाहरण

नमस्कार. स्क्रीनवर कॉलेजच्या एका दिवसाच्या फेस्टचा गँट चार्ट आहे. डावीकडे कामं, वरती तारखा आणि मध्ये आडव्या पट्ट्या. पट्टीची डावी कड म्हणजे काम सुरू कधी, आणि लांबी म्हणजे किती दिवस चालणार. एवढं कोणालाही पाहताक्षणी कळतं. पण चार्ट एवढ्यासाठी बनवत नाहीत. कोणतं काम लांबलं तर फेस्टच अडचणीत येईल आणि कोणतं लांबलं तरी चालेल, हे त्यातून वाचता आलं पाहिजे. आज तेच बघू.

आधी कामं समजून घेऊ. फेस्ट आहे १४ फेब्रुवारी २०२६ ला. परवानगी मिळवायला ४ दिवस, १९ जानेवारीपासून. परवानगी मिळाली की सभागृहाचं बुकिंग, २ दिवस. प्रायोजक शोधायला १० दिवस, तेही परवानगीनंतरच, कारण पत्राशिवाय कोणी पैसे देत नाही. सभागृह ठरलं की पोस्टरचं डिझाइन, ३ दिवस. मग छपाई, ३ दिवस. पोस्टर लागले की नोंदणी, ७ दिवस. शेवटी मंच आणि साउंड, २ दिवस.

[स्क्रीनवर एक्सेल शीट]

ए कॉलममध्ये काम, बी मध्ये सुरुवात, सी मध्ये दिवस, डी मध्ये शेवट. पहिल्या ओळीत शीर्षकं आहेत, म्हणून परवानगी दुसऱ्या ओळीत येते आणि फेस्ट नवव्या. शेवटची तारीख हाताने लिहायची नाही. डी२ मध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=B2+C2-1
```

ते वजा एक विसरू नका. १९ ला सुरू झालेलं ४ दिवसांचं काम २२ ला संपतं, २३ ला नाही, कारण १९ हा स्वतःच पहिला दिवस आहे.

आता सुरुवातीच्या तारखा. बहुतेक जण इथे सगळ्या तारखा टाइप करतात. मग एक काम लांबलं की पुढची प्रत्येक तारीख हाताने बदलत बसावी लागते आणि दोन दिवसांत कोणी त्या शीटकडे बघतही नाही. तारीख टाइप करायची ती दोनच ठिकाणी: परवानगीची सुरुवात बी२ मध्ये आणि फेस्टचा दिवस बी९ मध्ये. बाकीच्या सगळ्या सुरुवाती फॉर्म्युल्याने. सभागृह आणि प्रायोजक दोन्हींसाठी =D2+1. डिझाइनसाठी =D3+1. नोंदणीसाठी =D6+1.

छपाई जरा वेगळी आहे. तिला डिझाइन तर लागतंच, शिवाय पोस्टरवर प्रायोजकांचे लोगो हवेत. म्हणजे दोन्हींपैकी जे उशिरा संपेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी छपाई:

```
=MAX(D4,D5)+1
```

आणि मंच उलट दिशेने मोजायचा, कारण फेस्टची तारीख हलणार नाही. बी८ मध्ये =B9-C8, उत्तर येतं १२ फेब्रुवारी.

आता चार्ट. बी कॉलममध्ये तारखा आहेत, त्यामुळे सगळा तक्ता सिलेक्ट करून चार्ट टाकला तर एक्सेल कधीकधी त्या तारखांनाच नावं समजतं आणि चार्ट विचित्र दिसतो. म्हणून तक्त्यापासून दूरच्या रिकाम्या सेलवर क्लिक करून Insert मधून Stacked Bar घ्या. मग राइट क्लिक करून Select Data. तिथे Add करून पहिली मालिका B2:B9, दुसरी C2:C9, आणि नावांसाठी उजवीकडच्या Edit मध्ये A2:A9.

आता प्रत्येक कामाला दोन रंगांची एक पट्टी दिसेल. पहिला रंग म्हणजे सुरुवातीच्या तारखेपर्यंतचं अंतर. त्याच्यावर क्लिक करून Fill मध्ये No fill करा, तो अदृश्य होईल आणि उरलेले तुकडे आपापल्या जागी तरंगतील. कामं खालून वर उलटी दिसत असतील, तर त्या अक्षावर डबल क्लिक करून Categories in reverse order वर टिक करा. तारखाही त्याबरोबर वर जातील.

तारखांचा अक्ष मात्र नीट बसवावा लागतो. एक्सेलसाठी प्रत्येक तारीख हा एक आकडा असतो. १९ जानेवारी २०२६ म्हणजे 46041. अक्षाच्या Minimum मध्ये तो टाका, Maximum मध्ये 46069, म्हणजे १६ फेब्रुवारी, आणि Major unit 7. दोन्ही तारखा सोमवार आहेत, त्यामुळे प्रत्येक उभी रेघ सोमवारची येते. तुमच्या तारखेचा आकडा हवा असेल तर त्या सेलचं फॉरमॅट क्षणभर General करून बघा. आकडा आलाच नाही, तारीख तशीच राहिली, तर ती तारीख नसून टेक्स्ट म्हणून गेलेली आहे. पुन्हा टाइप करा, नाहीतर पट्टी दिसणारच नाही.

वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. परवानगीची पट्टी २३ तारखेच्या जागेपाशी संपते, पण काम २२ ला संपलेलं असतं. उजवी कड म्हणजे शेवटचा दिवस उलटून गेल्याची वेळ.

[चार्टवर झूम]

आता डिझाइनकडे बघा. ते २७ जानेवारीला संपतं, आणि छपाई सुरू होते थेट २ फेब्रुवारीला. मधली मोकळी जागा ५ दिवसांची आहे. ती सवड. डिझाइनवाल्यांनी ५ दिवस उशीर केला तरी कोणाचंच बिघडत नाही. उलट प्रायोजकांची पट्टी १ तारखेला संपते आणि लगेच २ ला छपाई. पुढे नोंदणी, मंच, सगळं पाठीला पाठ लावून. परवानगी, प्रायोजक, छपाई, नोंदणी, मंच ही साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. पाठपुरावा करायचा तर तो या साखळीचा. पण ‘पोस्टर झालं का’ हे सगळे विचारत असतात आणि प्रायोजकांचं कोणी विचारत नाही.

कोणतं काम कोणावर अवलंबून आहे हे नातं एक्सेल बाण काढून दाखवत नाही, ही या चार्टची मर्यादा. ते फॉर्म्युल्यात असतं. म्हणून बाजूच्या एका सेलमध्ये मंचाच्या आधी उरणारी सवड मोजा:

```
=B8-MAX(D6,D7)-1
```

या सेलचं फॉरमॅट General ठेवा, कारण ते तारखेचं राहिलं तर उणे उत्तराच्या जागी नुसते ##### दिसतात. आत्ता उत्तर शून्य आहे. समजा प्रायोजकांना आणखी २ दिवस लागले. सी४ मध्ये १२ टाका. छपाई ४ तारखेवर गेली, नोंदणी १३ फेब्रुवारीला संपतेय आणि सवड झाली उणे २. चार्टमध्ये नोंदणीची पट्टी मंचाच्या पट्टीच्या वर आलेली दिसते.

अशा वेळी ‘सगळ्यांनी जोर लावा’ म्हणून काही होत नाही. कोणतं नातं तोडता येईल ते शोधायचं. नोंदणीला छापील पोस्टर खरंच लागतं का? लोगो नसलेलं पोस्टर ग्रुपवर टाकून नोंदणी उघडता येते. म्हणजे नोंदणी छपाईवर नाही, डिझाइनवर अवलंबून. बी७ मध्ये =D5+1 करा. नोंदणी २८ जानेवारीला सुरू होऊन ३ फेब्रुवारीला संपते, छपाई ६ ला, आणि सवड उणे २ वरून थेट ५. प्रायोजकांचे १२ दिवस तसेच ठेवूनही. फक्त नोंदणीची लिंक डिझाइनच्या तीन दिवसांतच तयार व्हायला हवी, म्हणून ते काम आताच दहाव्या ओळीत लिहून ठेवा आणि चार्टच्या तिन्ही रेंज दहापर्यंत वाढवा.