राजमा मऊ झाला, पण शिजला का?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या हिवाळ्यात कॅनडात शिकणाऱ्या माझ्या भाचीचा रात्री फोन आला. "मामा, राजमा खाल्ला आणि दोन तासांत उलट्या सुरू झाल्या. थांबतच नाहीत. राजमा जुना असेल का?"

मी विचारलं, शिजवलास कसा? तिनं रात्रभर भिजवलेला राजमा सकाळी स्लो कुकरमध्ये टाकला होता. मंद आचेवर सात तास. दाणे मस्त मऊ झाले होते म्हणे. इथंच मेख होती.

लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक प्रथिन असतं. नाव जिभेवर बसत नाही, म्हणून आपण त्याला राजम्याचं विष म्हणू. पोटातलं आम्ल त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. ते तसंच आतड्यात पोचतं आणि आतल्या अस्तराच्या पेशींना चिकटून बसतं. मग एक ते तीन तासांत मळमळ, जोरदार उलट्या, मागोमाग पोटदुखी आणि जुलाब. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा त्याला पुरतात. यात जंतूंचा काही संबंध नाही, त्यामुळे राजमा ताजा होता की जुना, फ्रिजमध्ये होता की बाहेर, यानं काही फरक पडत नाही.

हे विष मोडतं ते उकळत्या पाण्यात. स्लो कुकरमध्ये मंद आचेवर दाण्याच्या आतलं तापमान बरेचदा पंचाहत्तर-ऐंशी अंशांच्या पुढं जातच नाही. तेवढ्या उष्णतेत दाणा वेळ लागला तरी मऊ पडतो, विष मात्र टिकतं. उलट ऐंशी अंशांपर्यंतच तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त विषारी ठरू शकतो, असं आढळलं आहे. म्हणजे आपण बोटानं दाबून "झाला" म्हणतो, ती परीक्षा इथं फसवते. सोडा घातला तर दाणा आणखीच लवकर मऊ पडतो आणि फसवणूक वाढते. चवीनं किंवा वासानंही काही कळत नाही.

कोरडं भाजणंही कामाचं नाही. 2006 साली जपानमध्ये टीव्हीवर वजन कमी करण्याचा एक उपाय दाखवला: याच जातीचे, म्हणजे घेवड्याचे पांढरे दाणे, तीन मिनिटं तव्यावर भाजा, दळा आणि भातावर घालून खा. शंभरावर माणसं उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. पांढऱ्या दाण्यात विष लाल राजम्याहून कमी असतं, तरी ही गत.

आपल्याकडं घरोघरी प्रेशर कुकर आहे म्हणून हा त्रास फारसा ऐकू येत नाही. कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्याही वर तापतं. पण मटकीसारखे राजम्याला मोड आणून नुसती वाफ द्यायची, किंवा सॅलडमध्ये कच्चेच टाकायचे, हे अलीकडं दिसू लागलंय. ते करू नका. मोड आले म्हणून हे विष जात नाही.

आता पातेल्यात करायचा तर असा करा. वाटीभर राजमा चार वाट्या पाण्यात रात्रभर भिजवा, निदान पाच तास तरी. भिजवण्यानं थोडं विष पाण्यात उतरतं, पण खरा फायदा असा की पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत शिरतं आणि मग उष्णताही तिथवर पोचते. सकाळी ते पाणी ओतून द्या, दाणे धुऊन घ्या. नवं पाणी दाण्यांच्या वर चार बोटं राहील एवढं घाला. पाण्याला खळखळून उकळी फुटली की मगच घड्याळ बघा. विष मोडायला दहा मिनिटं पुरतात, पण सगळे दाणे आतपर्यंत तापावेत म्हणून तीस मिनिटं उकळू द्या. आच लहान करायची ती त्यानंतर, दाणा मऊ होईपर्यंत. टोमॅटो, चिंच शेवटी; आंबटामुळं दाणा दडदडीत राहतो. स्लो कुकर वापरायचाच असेल तर ही अर्ध्या तासाची उकळी आधी गॅसवर देऊन घ्या. बाजारातला डबाबंद राजमा मुळात शिजवलेलाच असतो.

आणि त्रास झालाच तर? बहुतेकांना तीन-चार तासांत उतार पडतो. तोवर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्यायचं. लहान मूल असेल, वय झालेलं माणूस असेल, लघवी कमी झाली असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर डॉक्टरांकडं जायचं.

भाची पहाटेपर्यंत सावरली. तिचा पुढचा प्रश्न अस्सल मराठी घरातला होता: "मामा, उरलेला राजमा पुन्हा उकळून खाऊ का?" उकळून विष गेलं असतं. पण भांडं रात्रभर ओट्यावर उघडं पडलं होतं, आणि आता खरोखरच जंतूंचा प्रश्न होता. मी म्हटलं, टाकून दे.