धर्मो रक्षति रक्षितः : महाभारताचे की मनुस्मृतीचे?

मंडळी, हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्याची उत्तरेही ठामपणे दिली जातात. कोणी म्हणतो गीतेतले, कोणी म्हणतो महाभारतातले, कोणी म्हणतो मनूचे. गीतेचे नाव आधी बाजूला काढू. गीतेच्या सातशे श्लोकांत हे वचन कुठेही नाही. उरलेली दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण अर्धीच. वचन दोन्हीकडे आहे. कोणत्या रूपात आहे, कोणाच्या तोंडी आहे आणि तिथे ते काय काम करते, हे पाहिले तरच प्रश्नाचा निकाल लागतो.

आपण ज्याला वचन म्हणतो तो पूर्ण श्लोकाचा फक्त दुसरा चरण आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पंधरावा श्लोक असा आहे :

धर्म एव हतो हन्ति धर्मो रक्षति रक्षितः।
तस्माद्धर्मो न हन्तव्यो मा नो धर्मो हतोऽवधीत्॥

मारलेला धर्मच मारतो, रक्षिलेला धर्म रक्षण करतो. म्हणून धर्माला मारू नये, मारला गेलेला धर्म आपला घात न करो. चारांपैकी तीन चरण मारण्याविषयी आहेत आणि रक्षणाचा एकच. बोधवाक्य म्हणून आपण तो एक उचलला आणि इशारा मागे राहिला.

हा इशारा कोणाला आहे? आठवा अध्याय व्यवहाराचा, म्हणजे खटले चालवण्याचा आहे. सुरुवातीला ऋण न फेडण्यापासून द्यूतापर्यंत वादाची अठरा पदे मोजली आहेत. राजाला स्वतः खटले पाहणे जमत नसेल तर त्याने विद्वान ब्राह्मण नेमावा आणि त्याने तीन सभ्यांसह सभेत बसून काम पाहावे, असे पुढे सांगितले आहे. मग बाराव्या श्लोकापासून सभासदांना तंबी सुरू होते. अधर्माने विंधलेला धर्म सभेपुढे येतो. त्याच्या अंगात रुतलेले शल्य सभासदांनी काढले नाही, तर ते स्वतःच विंधले जातात. एक तर सभेत जाऊ नये, गेलात तर न्यायाचे बोलावे. गप्प बसणारा आणि खोटे बोलणारा दोघेही पापी. सभासदांच्या डोळ्यांदेखत जिथे अधर्म धर्माला आणि असत्य सत्याला मारते, तिथे सभासदच मेले. यानंतर आपला श्लोक येतो. म्हणजे इथला ‘हत’ धर्म म्हणजे चुकीचा निवाडा किंवा निवाड्याच्या वेळी पाळलेले मौन. मनुस्मृतीचा टीकाकार कुल्लूकभट्ट याने तर हा श्लोक आडमार्गाला लागलेल्या प्राड्विवाकाला, म्हणजे न्यायाधीशाला, उद्देशून सभ्यांनी केलेले संबोधन मानला आहे. ‘मा नो’मधला ‘नः’, म्हणजे ‘आम्हाला’, त्यामुळे नीट बसतो : तू धर्म मारलास तर त्याच्या हातून आम्हीही मरू. बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे बोधवाक्य हेच आहे. कायदा शिकवणाऱ्या संस्थेने ते घ्यावे हे या संदर्भाला फार शोभते.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, झाले तर मग, वचन मनूचे. पण मनूच्या याच ओळीतले शेजारचे श्लोक महाभारतातही भेटतात, आणि तेही सभेतच.

सभापर्वात द्यूतानंतर द्रौपदीच्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. तेव्हा विदुर प्रह्लादाची कथा सांगतो. प्रह्लादाचा मुलगा विरोचन आणि सुधन्वा यांच्यात वाद लागतो आणि निवाडा बापाकडे येतो. प्रह्लाद कश्यपाला विचारतो, आणि कश्यप शल्याचा तोच श्लोक सांगतो, किंचित वेगळ्या शब्दांत. उद्योगपर्वात कृष्ण शिष्टाईला कौरवसभेत उभा राहतो, तेव्हा ‘हतास्तत्र सभासदः’ आणि शल्याचा श्लोक असे दोन्ही त्याच्या तोंडी येतात. त्याला तो स्वतःची जोड देतो : नदी जशी काठावरची झाडे उखडते, तसा धर्म अशा सभासदांना उखडतो.

आता पापाच्या वाटणीचा हिशेब पाहा. मनु आठव्या अध्यायाच्या अठराव्या श्लोकात चार समान वाटे पाडतो : अधर्माचा पाव हिस्सा करणाऱ्याला, पाव साक्षीदाराला, पाव सभासदांना आणि पाव राजाला. सभापर्वातला कश्यप मात्र अर्धा वाटा सभेतल्या श्रेष्ठाला देतो, पाव करणाऱ्याला आणि पाव निंद्याची निंदा न करणाऱ्या सभासदांना. साक्षीदाराला वेगळा वाटाच नाही. पण पुढच्याच श्लोकाचा उत्तरार्ध दोन्हीकडे अक्षरशः एक आहे : ‘एनो गच्छति कर्तारं निन्दार्हो यत्र निन्द्यते’, जिथे निंदेला पात्र असलेल्याची निंदा होते तिथे पाप करणाऱ्यालाच लागते. एकाने दुसऱ्यापुढे पोथी ठेवून उतरवून घेतले असते, तर हिशेब बदलून लगतचा अर्धा श्लोक जसाच्या तसा राहणे अवघड आहे. तोंडी फिरणारा श्लोकांचा एक गट दोघांनी आपापल्या कामासाठी घेतला, हेच इथे अधिक पटते. मनुस्मृतीत खटल्याच्या पद्धतीत साक्षीदार महत्त्वाचा, म्हणून त्याला वाटा. द्यूतसभेत सगळा भार वरच्या आसनावर बसलेल्यांच्या मौनावर, म्हणून अर्धे पाप तिकडे.

याला सगळ्यांत मोठा आधार द्रौपदीचा आहे. वनपर्वात, द्वैतवनात, ती युधिष्ठिराला म्हणते :

राजानं धर्मगोप्तारं धर्मो रक्षति रक्षितः।
इति मे श्रुतमार्याणां त्वां तु मन्ये न रक्षति॥

धर्म राखणाऱ्या राजाचे, राखलेला धर्म रक्षण करतो, असे मी थोरांकडून ऐकले आहे. पण तुमचे काही तो रक्षण करताना दिसत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तीत हा आरण्यकपर्वाच्या, म्हणजे वनपर्वाच्याच, एकतिसाव्या अध्यायातला सातवा श्लोक आहे. विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादलेले हे पर्व 1942 मध्ये छापून पूर्ण झाले. म्हणजे हस्तलिखितांची छाननी होऊनही हा श्लोक मूळ संहितेत टिकला.

‘इति मे श्रुतमार्याणाम्’ या शब्दांवर थोडे थांबले पाहिजे. हे वचन माझे नाही, ऐकीव आहे, असे द्रौपदी स्वतः सांगते. ती मनूचे नाव घेत नाही. महाभारतात ‘मनूने म्हटले आहे’ अशी नावानिशी अवतरणे कितीतरी आहेत, त्यामुळे इथे नाव नसणे लक्षात घ्यायला हवे. शिवाय ती पूर्ण श्लोक म्हणत नाही. चरण उचलते आणि त्याला ‘राजानं धर्मगोप्तारं’ हे कर्म जोडते. ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेली म्हण आपण बोलण्यात अशीच वापरतो. म्हणून हा चरण महाभारताच्या या भागापूर्वीच लोकांच्या तोंडी होता, एवढे खुद्द महाभारताच्या साक्षीने म्हणता येते. आणि महाभारतात तो इथे आधार म्हणून येत नाही. त्याच्यावर आक्षेप घेण्यासाठी येतो. युधिष्ठिराचे उत्तरही ‘नाही, रक्षण करतोच’ असे नाही. तो म्हणतो, मी धर्माच्या फळाच्या शोधात आचरण करत नाही. द्यायचे म्हणून देतो, यजन करायचे म्हणून करतो. जो धर्माचे दूध काढू पाहतो त्याला धर्माचे फळ मिळत नाही. या वचनाची इतकी कडक तपासणी स्मृतीत नाही. ती करायला महाकाव्यच लागले.

प्रचलित पाठात पूर्ण श्लोक वनपर्वाच्या शेवटाकडे, यक्षप्रश्नात येतो. चारही भाऊ निपचित पडलेले, त्यांपैकी एकच उठवता येईल. भीम किंवा अर्जुन सोडून नकुल का, असे यक्ष विचारतो. युधिष्ठिर पहिले दोन चरण तेच म्हणतो आणि तिसरा बदलतो : ‘तस्माद्धर्मं न त्यजामि’, म्हणून मी धर्म सोडत नाही. मनूचे ‘न हन्तव्यः’ हे सगळ्यांसाठी विधान, तर इथे एका माणसाचा निश्चय. चौथा चरण मात्र ‘मा नो’ असाच, अनेकवचनी. संस्कृतात स्वतःसाठी ‘नः’ चालते, त्यामुळे ही चूक नव्हे. तरीही एकवचनी ‘त्यजामि’ला लागून आलेला हा ‘आम्हाला’ सभेतल्या श्लोकाचा अवशेष वाटतो. माझ्या मते हा श्लोक घडला तो न्यायसभेच्या संदर्भात, आणि यक्षापुढे तो प्रसंगाला जुळवून घेतला गेला. यक्ष म्हणजे खुद्द धर्म, हे कळले की ही जुळणी किती नेमकी आहे ते दिसते.

पण ‘न्यायसभेत घडला’ म्हणजे ‘मनूने रचला’ असे नव्हे. आधी कोण, यावर जुना वाद आहे. जर्मन संस्कृत पंडित ब्यूलर याने मनुस्मृतीच्या 1886 च्या इंग्रजी भाषांतराच्या प्रस्तावनेत दोन्ही ग्रंथांतले समान श्लोक तपासून, दोघांनी पूर्वीच्या सामाईक साठ्यातून घेतले, असा निष्कर्ष काढला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा कल उपलब्ध महाभारत मनुस्मृतीनंतरचे मानण्याकडे होता. एकेका श्लोकापुरते बोलायचे तर द्रौपदीची साक्ष ब्यूलरच्या बाजूने पडते.

संदर्भ देताना गडबड कुठे होते तेही सांगतो. प्रचलित पाठात वनपर्वाचे 315 अध्याय आहेत, चिकित्सित आवृत्तीत 299. यक्षप्रश्न एकीकडे 313 व्या अध्यायात, दुसरीकडे 297 व्या. नुसते ‘वनपर्व 313’ लिहिले आणि वाचकाने चिकित्सित आवृत्ती उघडली, तर तो अध्यायच त्याला सापडणार नाही. दुसरी अडचण संगणकावरच्या शोधाची. चिकित्सित आवृत्तीची जी फाइल बहुधा हाताशी असते तिच्यात फक्त स्वीकारलेली संहिता असते; तळटीपांत तारांकित करून ठेवलेले श्लोक त्यात नसतात. तिथे सापडले नाही म्हणून ‘महाभारतात नाहीच’ असे ठरवू नये, छापील खंडाच्या तळटीपा पाहाव्यात. शोधताना विसर्ग गाळून ‘रक्षति रक्षित’ एवढेच टाकावे, म्हणजे संधीमुळे शेवट बदललेला असला तरी ओळ हाती लागते. पूर्ण श्लोक छापायचा असेल तर तिसरा चरण बघा : ‘न हन्तव्यो’ असेल तर खाली मनुस्मृती 8.15 लिहा, ‘न त्यजामि’ असेल तर वनपर्व, यक्षप्रश्न, आणि कोणती आवृत्ती ते. नुसता चरण वापरायचा असेल तर ‘मनुस्मृती 8.15, तसेच महाभारत, आरण्यकपर्व 3.31.7, चिकित्सित आवृत्ती’ असे दोन्ही द्या, आणि जागा असली तर द्रौपदीची पुढची ओळही छापा.