उकार कुठल्या बाजूला आला?

(वडोदऱ्यातल्या मराठी महिलांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार. आधी डावखुऱ्यांनी हात वर करा पाहू. चार. आणि लहानपणी प्रसादाला डावा हात पुढे केला म्हणून ओरडा खाल्लेल्या? आता पाच! त्या मागच्या ताई, तुम्हाला उजव्या हाताने लिहायला लावलं ना? वाटलंच मला.

बोलायचं आहे व्हिडिओवरून क्रोशा शिकण्याबद्दल. पण आधी तोरणाची गोष्ट सांगते, कारण मला म्हणायचं ते सगळं तिच्यातच आहे.

दांडिया बाजारातल्या घरी आत्याने मला साखळी शिकवली. ती उजव्या हाताची. म्हणाली, "माझ्यासमोर बस आणि आरशात बघतेस असं समज." हात जुळले, तिचा उजवा तिकडे, माझा डावा इकडे. पण समोरून मला तिच्या कामाची मागची बाजू दिसायची. ती सुई पुढून मागे घालायची, मला ती माझ्याकडे येताना दिसायची. मग मीही सुई मागूनच घालायची, आणि माझे खांब वेगळेच दिसायचे. समोर बसणं म्हणजे आरसा नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.

खांब जमले, तेव्हा तोरण घेतलं. चौकटीच्या कागदावर 'शुभ', रुंदी 24 चौकोन. एका चौकोनाला तीन साखळ्या आणि शेवटी एक, म्हणजे 73. पहिल्या खांबाच्या उंचीच्या साखळ्या वेगळ्या. रिकामा चौकोन म्हणजे खांब, दोन साखळ्या, खांब. भरीव असेल तर त्या दोन साखळ्यांच्या जागी दोन खांब. तुम्हाला हे सगळं पाठ आहे.

कागद खालून वर वाचायचा. पहिल्या दोन ओळी रिकाम्या. तिसऱ्या ओळीत 'शु'च्या उकाराचं टोक: कागदावर डावीकडून 4 रिकामे, 5 भरीव, 15 रिकामे. पुस्तकात लिहिलं होतं, विषम ओळी उजवीकडून वाचा. मी इमानदारीने तशाच वाचल्या: 15 रिकामे, 5 भरीव, 4 रिकामे. पण माझा हात डावीकडून उजवीकडे चालतो! पंधरा रिकामे चौकोन डाव्या टोकाला जाऊन बसले आणि उकार उजवीकडे गेला. उकारापुरतं ते खटकलं नाही. नवव्या ओळीला 'भ'ची उभी काना-रेघ डाव्या काठाला उभी राहायला लागली, तेव्हा पोटात धस्स झालं. शिरोरेषेने तर फारसं काही सांगितलं नसतं, 'भ'वरची फट सोडली तर ती दोन्हीकडून सारखीच. आपल्या गुजराती शेजारणींच्या तोरणात तीही नसते.

उसवायला बसले होते. आत्याने ते हातातून घेतलं, पालथं केलं आणि म्हणाली, "वाच." शुभ! जाळीचं काम दोन्ही बाजूंनी जवळपास सारखं दिसतं, म्हणून चूक तशीच पुढे चालवून वरपर्यंत विणलं आणि मागची बाजू पुढे करून टांगलं. आमच्या दारावर ते अजून आहे. ही सोय फक्त जाळीत. दोन रंगांचं मुक्या खांबांचं नक्षीकाम असतं तर मागची बाजू दाखवण्यासारखी नसते, तिथे उसवण्यावाचून इलाज नाही.

(इथे वेळ संपत आल्याची खूण झाली.) पाचच मिनिटं? बरं, व्हिडिओचं पटपट सांगते.

हात कसा चालतो ते आरशात उलटवा. व्हिडिओ आडवा पलटवला की शिकवणारी डावखुरी होते आणि काम पुढूनच दिसतं, आत्यासमोर बसून जे मिळालं नाही ते. व्हिडिओ कॉम्प्युटरवर असेल तर VLC मध्ये Tools, मग Effects and Filters, Video Effects, Geometry, तिथे Transform वर खूण करून Flip horizontally निवडा. पडद्यावरची अक्षरं उलटी दिसतील, दिसू द्या.

पण अक्षरांचा नि चित्रांचा चौकटीचा कागद उलटवू नका. तो छापला तसाच ठेवा, फक्त सुरुवात खालच्या उजव्या कोपऱ्याऐवजी डाव्या कोपऱ्यातून करा. पहिली ओळ डावीकडून, दुसरी उजवीकडून. दुसऱ्या ओळीला काम फिरवल्यावर हात पुन्हा डावीकडूनच चालतो, तेव्हा गोंधळू नका. भरीव चौकोनांची पहिली ओळ झाली की थांबून कागदाशेजारी ठेवून बघा.

गोल रुमालाला यातलं काही लागत नाही, तुमचा रुमाल घड्याळाच्या दिशेने वाढेल इतकंच. पुढे उघडणाऱ्या जाकिटात मात्र लक्ष द्या: पुस्तकातला डावा पुढचा भाग तुमच्या हातून उजवा होतो, म्हणून काज कुठल्या भागाला करायचे ते आधी ठरवा.

आणि एकच. धागा सुईच्या मागून वर येऊन पुढे पडला पाहिजे. सुईने धागा वरून खाली ओढलात तर मुक्या खांबांवर इंग्रजी व्हीच्या जागी फुल्या दिसतात. फुल्या दिसल्या की पलटवलेला व्हिडिओ परत लावा आणि फक्त धाग्याकडे बघा.