दोन्हीकडे शंभर, तरीही आकडे वेगळे

नमस्कार मंडळी. सादरीकरण पाठवण्याआधी आपण तक्त्यातल्या टक्क्यांची बेरीज करून पाहतो. शंभर आली की पाय चार्टकडे वळतो, तिथेही शंभर दिसतात आणि आपण फाइल पाठवून देतो. आज मला एवढंच पटवून द्यायचं आहे की पाय चार्टमधल्या शंभराला पुरावा मानता येत नाही. त्या वर्तुळात तुम्ही काहीही भरा, ते पूर्णच होतं. सॉफ्टवेअर दिलेल्या आकड्यांची बेरीज करतं आणि प्रत्येक आकड्याला त्या बेरजेनं भागतं. एखादा गट सुटला, तर जागा रिकामी राहत नाही. उरलेले गट फुगून ती व्यापतात.

एक उदाहरण नीट सोडवून बघू. कामावर कसे येता, असा प्रश्न ३५० जणांना विचारला. बस १३३, दुचाकी ९१, रेल्वे ६३, पायी ३५ आणि उत्तर न दिलेले २८. तक्त्यात टक्के आले ३८, २६, १८, १० आणि ८. बेरीज १००, सगळं चोख. हा तक्ता स्लाइडवर चिकटवला. नंतर कुणीतरी मूळ शीटमध्ये फिल्टर लावून ‘उत्तर नाही’ ही ओळ लपवली आणि त्याच शीटवरून पाय चार्ट काढला. त्यात बस ४१, दुचाकी २८, रेल्वे २०, पायी ११. आता करा बेरीज. तीही १००!

एकाच स्लाइडवर बसचे दोन आकडे आहेत, ३८ आणि ४१, आणि बेरजेच्या तपासणीत दोन्ही पास झाले. म्हणून बेरीज ही दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे एकेक गट घेऊन तक्त्यातला आकडा आणि चार्टवरचा आकडा शेजारी शेजारी ठेवणं. कंटाळवाणं आहे, पण पाच गटांना वेळ तो काय लागणार?

फरक सापडला की घाईनं आकडा बदलू नका. आधी चार्टची लेबलं एका दशांश स्थळापर्यंत दाखवा. आपल्या उदाहरणात ती ४१.३, २८.३, १९.६ आणि १०.९ अशी येतील. आता प्रत्येकाला तक्त्यातल्या टक्क्यानं भागा. ४१.३ भागिले ३८ म्हणजे सुमारे १.०९. २८.३ भागिले २६, पुन्हा तेच. रेल्वे आणि पायी, तिथेही तेच. सगळीकडे एकच गुणोत्तर आलं, की समजायचं आकडे टाइप करताना चूक झालेली नाही. छेद बदलला आहे. तक्ता ३५० नं भागतोय आणि चार्ट ३२२ नं. ३५० भागिले ३२२ केलं की १.०८७ येतं, तेच हे गुणोत्तर. उलट एकाच गटात फरक असेल आणि बाकीचे तंतोतंत जुळत असतील, तर बहुधा कुणीतरी लेबल हातानं बदललं आहे. मूळ आकडा बदलला असता, तर बाकीचे टक्केही थोडेफार हलले असते. ही खूण मला फार मोलाची वाटते, कारण चूक कुठे शोधायची हे ती सांगते.

लपलेली ओळ शोधण्याचा सोपा उपाय एक्सेलमध्येच आहे. ही दोन सूत्रं शेजारच्या दोन रिकाम्या चौकटींत लिहा:

```
=SUM(B2:B6)
=SUBTOTAL(109,B2:B6)
```

पहिलं सूत्र लपवलेल्या ओळीही मोजतं, दुसरं फक्त दिसणाऱ्या. आपल्याकडे उत्तरं येतील ३५० आणि ३२२. चार्ट मूळ सेटिंगनुसार दुसऱ्यासारखा वागतो, लपवलेल्या ओळी घेत नाही. म्हणूनच एकाच शीटमधून निघालेले तक्ता आणि चार्ट वेगळं बोलू लागतात. चार्टच्या Select Data मध्ये Hidden and Empty Cells या बटणाखाली Show data in hidden rows and columns हा पर्याय आहे, तिथे खूण केली की त्या ओळी चार्टमध्ये परत येतात. अर्थात ‘उत्तर नाही’ हा गट वगळायचाच असेल तर जरूर वगळा, पण मग तक्त्यातही वगळा आणि खाली ‘उत्तर दिलेले ३२२’ असं लिहा.

याच्या उलट चूकही होते. चार्टसाठी ओळी निवडताना शेवटची ‘एकूण’ ही ओळ आत येते. मग अर्धं वर्तुळ ‘एकूण’नं व्यापतं आणि प्रत्येक गट निम्मा होतो. ही लगेच डोळ्यांत भरते, त्यामुळे तिच्यावर जास्त बोलत नाही.

आता पूर्णांकांचा प्रश्न. बेरीज ९९ किंवा १०१ आली की लोक घाबरतात, आणि ९७ आली तरी ‘राउंडिंग असेल’ म्हणून सोडून देतात. दोन्हीची गरज नाही, कारण याला हद्द आहे. पूर्णांकात आणताना एका गटात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. पाच गट असतील तर सगळे मिळून अडीच; बेरीज पूर्णांकातच येणार, म्हणून ९८ ते १०२. पाच गटांची बेरीज ९७ आली, तर ते राउंडिंग असूच शकत नाही. कुठेतरी गट सुटलाय किंवा आकडा चुकलाय. एक दशांश स्थळ ठेवलं तर हीच मर्यादा ९९.८ ते १००.२ इतकी आखडते. म्हणून तपासताना दशांश दाखवावा, सादर करताना हवा तर काढावा.

समजा खरे टक्के ४५.३, ३०.४ आणि २४.३ आहेत. पूर्णांकात ४५, ३० आणि २४, बेरीज ९९. उरलेला एक कुणाला द्यायचा? द्यायचाच असेल तर ज्याचा अपूर्णांक सर्वांत मोठा त्याला, म्हणजे इथे ३०.४ ला, आणि ते ३१ होतील. पण पाय चार्टची आपोआप येणारी लेबलं असं करत नाहीत, ती प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे पूर्णांकात आणतात. म्हणजे तक्त्यात ३१ आणि चार्टवर ३०, असा नवा झगडा तुम्हीच लावून दिलात. माझं मत स्पष्ट आहे: आकड्यांना हात लावू नका, तक्त्याखाली ‘पूर्णांकांमुळे बेरीज १०० होत नाही’ अशी ओळ द्या. आणि तो एक टक्का ‘इतर’मध्ये ढकलण्याची सवय तर सोडाच; ‘इतर’ मुळात २ टक्के असेल तर तुम्ही तो दीडपट केलात.

लेबलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघा. Format Data Labels मध्ये Value आणि Percentage असे दोन वेगळे पर्याय आहेत. चार्टला उत्तरांची संख्या न देता तयार टक्के दिले आणि Value वर खूण केली, तर लेबल तक्त्याशी जुळतं, पण फाक वेगळ्याच मापाची असते. आपल्या उदाहरणात बसवर ३८ लिहिलेलं दिसेल आणि फाक ४१.३ टक्क्यांची असेल. लेबलांची बेरीज ९२ भरेल, वर्तुळ मात्र पूर्ण. हे पकडायला Value आणि Percentage दोन्ही क्षणभर चालू करा. चार्टला टक्के दिले असतील तर दोन्ही आकडे सारखे दिसायला हवेत. संख्या दिली असेल तर Value मध्ये तक्त्यातली संख्या आणि Percentage मध्ये तक्त्यातला टक्का दिसायला हवा.

शेवटी असे प्रश्न, जिथे शंभराची अपेक्षाच चूक असते. ‘गेल्या महिन्यात कोणकोणती वाहनं वापरलीत?’ असं विचारलं तर एक माणूस तीन उत्तरं देतो. टक्क्यांची बेरीज १४६ येऊ शकते आणि ती बरोबरच असते. पण तेच आकडे पाय चार्टला दिले की बस वापरणारे ७३ टक्के लोक वर्तुळात ५० टक्के होतात, कारण ७३ ला १४६ नं भागलं जातं. इथे दुरुस्ती आकड्यांत नाही, चार्टच बदलायचा. स्तंभालेख घ्या, आणि शीर्षकाखाली लिहा: एकापेक्षा जास्त उत्तरं देता येत होती.