टाचेमागचं दुखणं: पळण्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी

(दृश्य: पहाटेचा यवतेश्वर घाट, चढणारी पावलं)

सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणारा एखादा रनर डोळ्यांसमोर आणा. आठवड्याला 30 किलोमीटर पळायचा. महिन्याभरात ते 45 वर गेले आणि त्यात दोन दिवस घाटाची चढणही आली. चढावर टाच खाली दबते, ताणलेल्या पोटरीलाच जोर लावावा लागतो आणि तो सगळा जोर पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या अकिलीस टेंडनमधून जातो.

(दृश्य: पलंगावरून उतरणारे पाय)

मग एका सकाळी पहिली पावलं लंगडत पडतात. टाचेच्या दोन-तीन बोटं वर चिमटीत धरलं की कळ येते. थोडं चाललं की पाय मोकळा होतो. पळताना अंग तापलं की दुखणं जवळजवळ जातंच, आणि फसगत होते ती इथेच. कालचं पळणं टेंडनला झेपलं की नाही, ते आज सकाळी कळतं.

म्हणून दहापैकी पाचपर्यंतचं दुखणं पळताना चालेल, पण दुसऱ्या सकाळी पाय नेहमीइतकाच आखडलेला हवा. त्याहून जास्त वेळ आखडून राहिला, तर भार कमी करायचा. आधी चढ आणि वेगाचे दिवस बंद. मग किलोमीटर पुन्हा 30 वर, तेही एक दिवस आड. तरीही सकाळ सुधारत नसेल, तर त्याच्या निम्मे. पळताना लंगडावं लागत असेल, तर पळणं थांबवायचं. नुसती विश्रांती मात्र पुरत नाही. दुखणं शमतं, पण टेंडनची भार पेलायची ताकदही उतरते.

(दृश्य: जिन्याची पायरी, कडेवर चवडे)

ती ताकद पोटरीच्या व्यायामानं परत येते. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे. चांगल्या पायानं वर जायचं, दुखऱ्या पायावर टाच सावकाश पायरीखाली उतरवायची. पंधराचे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तीन गुडघा किंचित वाकवून. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. वाकलेल्या गुडघ्यानं आतला सोलियस स्नायू कामाला लागतो, आणि पळताना मोठा भार तोच उचलतो. हे सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये वजन वाढवायचं.

दुखणं थेट टाचेच्या हाडापाशी असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नये. तिथे टेंडन हाडावर दाबलं जातं, म्हणून व्यायाम सपाट जमिनीवरच करावा. आणि मागून कुणी लाथ मारल्यासारखा अचानक झटका बसून चवड्यावर उभंच राहता येईना, तर टेंडन तुटलेलं असू शकतं. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं.

आपल्या रनरचे आधी सपाटीवरचे किलोमीटर परत येतील, मग वेग आणि सर्वांत शेवटी घाट. स्पर्धा सहा आठवड्यांवर आली असेल, तर माझ्या मते यंदा त्यानं ती सोडून द्यावी.